रिस्टोअर दाबण्याआधी

मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर आयफोन ठेवला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल, डेटा जाईल. चालेल ना?’ फोन पांढऱ्या सफरचंदावर अडकलेला असतो, नाहीतर काळ्या पडद्यावर केबल आणि लॅपटॉपचं चित्र दाखवत असतो. गिऱ्हाईक सकाळपासून फोनवाचून खोळंबलेलं असतं, म्हणून ते ‘चालेल’ म्हणून मोकळं होतं. संध्याकाळी फोन चालू होऊन हातात येतो आणि मग लक्षात येतं, की मुलीच्या पहिल्या वर्षाचे सगळे फोटो गेले.

दुकानदाराच्या वाक्याचा पहिला भाग बहुतेक वेळा बरोबर असतो. अडकलेल्या फोनमध्ये सॉफ्टवेअर पुन्हा घालावंच लागतं. दुसरा भाग मात्र खरा ठरेलच असं नाही. सॉफ्टवेअर पुन्हा घालायचे दोन रस्ते आहेत, एकात डेटा राहतो आणि दुसऱ्यात जातो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हे दोन्ही रस्ते एकाच चौकटीत शेजारी-शेजारी दिसतात : `Update` आणि `Restore`. दुकानात बऱ्याचदा दुसरं बटण दाबलं जातं. त्यात लबाडी असतेच असं नाही. ते काम बहुतेक वेळा एका फटक्यात होतं, आणि गिऱ्हाइकाने आधीच ‘चालेल’ म्हटलेलं असतं.

फोन सफरचंदावर का अडकतो, ते आधी पाहू. बटण दाबल्यावर आयफोन एका दमात सुरू होत नाही, तो टप्प्याटप्प्याने जागा होतो. पहिला छोटा प्रोग्राम चिपमध्येच कायमचा कोरलेला असतो, तो कधीच बदलत नाही. तो पुढच्या प्रोग्रामची सही तपासतो आणि त्याला उठवतो. तो त्याच्या पुढच्याला तपासतो आणि असं करत शेवटी आयओएस सुरू होतं. सफरचंद दिसतं तेव्हा ही साखळी निम्म्यावर आलेली असते. पुढचा टप्पा पार पडला नाही तर फोन सफरचंदावरच थांबतो, किंवा पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहतो. आपल्याला पुढे जाता येणार नाही हे फोनला स्वतःलाच कळलं, तर तो केबल आणि लॅपटॉपचं चित्र दाखवून मदत मागतो. त्या अवस्थेला रिकव्हरी मोड म्हणतात.

रिकव्हरी मोडमध्ये गेल्याने फोनमधलं काहीही पुसलं जात नाही. ही नुसती थांबायची जागा आहे. फोन तिथे तासभर राहिला काय किंवा रात्रभर राहिला काय, फोटो, चॅट, कॉन्टॅक्ट सगळं होतं तिथेच असतं. त्यामुळे ते चित्र दिसताच ‘गेला डेटा’ म्हणून हाय खायचं कारण नाही.

सफरचंदाखाली भरत जाणारी पट्टी दिसत असेल, तर फोन अडकलाय असं लगेच ठरवू नका. अपडेट चालू असताना, किंवा जुन्या फोनवरून नव्यावर डेटा येत असताना ही पट्टी फार सावकाश सरकते. ती तासाभरात अजिबात हलली नाही, तरच पुढच्या उपायांकडे वळावं असं ॲपलचंही सांगणं आहे. पट्टी नसेल आणि नुसतं सफरचंद ठाण मांडून बसलं असेल, तर पहिला उपाय म्हणजे जबरदस्तीने रिस्टार्ट. आयफोन 8 आणि त्यानंतरच्या मॉडेलवर आवाज वाढवायचं बटण दाबून लगेच सोडा, आवाज कमी करायचं बटण दाबून लगेच सोडा आणि मग उजवीकडचं बटण दाबून धरा. पडदा काळा होऊन सफरचंद आलं की बोट काढा. यातही डेटा जात नाही. बरेच फोन एवढ्यावरच उठतात.

नाही उठला तर कॉम्प्युटर लागतो. मॅक असेल तर वेगळं काही घालायला नको, फोन फाइंडरमध्ये दिसतो. फार जुन्या मॅकवर आयट्यून्स वापरावं लागतं. विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून `Apple Devices` नावाचं ॲप फुकट मिळतं, आयट्यून्सही चालतं. केबलची मात्र खात्री करून घ्या. बाजारात नुसतं चार्जिंग करणाऱ्या केबली भरपूर आहेत. त्यांतून डेटा जातच नाही, आणि कॉम्प्युटर फोन ओळखत नाही म्हणून माणूस भलतीकडेच शोधत बसतो. केबल हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपमध्ये लावा आणि लॅपटॉपही चार्जरवर ठेवा.

फोन जोडून झाला की तीच तीन बटणं त्याच क्रमाने दाबायची. फरक एवढाच, की या वेळी सफरचंद दिसल्यावर बोट काढायचं नाही. केबल आणि लॅपटॉपचं चित्र येईपर्यंत उजवीकडचं बटण धरून ठेवायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं. सफरचंद दिसलं की हात आपसूक सैल पडतो आणि फोन पुन्हा पहिल्या पायरीवर जातो. आयफोन 7 वर आवाज कमी करायचं बटण आणि बाजूचं बटण एकत्र धरावं लागतं, तर 6एस आणि त्याआधीच्या फोनांवर होमचं बटण आणि चालू-बंदचं बटण. नुकत्याच आलेल्या काही मॉडेलांमध्ये शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या आयफोनवरून दुरुस्ती करायची सोयही आली आहे. वापरात असलेल्या बहुतेक फोनांना मात्र अजून केबलच लागते.

आता कॉम्प्युटरवर एक चौकट येते. या आयफोनमध्ये अडचण आहे, तो अपडेट किंवा रिस्टोअर करावा लागेल, असं तिच्यात इंग्रजीत लिहिलेलं असतं आणि खाली तीन बटणं असतात : `Cancel`, `Restore` आणि `Update`. इथे घाई करायची नाही.

आयफोनच्या साठवणीचे दोन वेगळे भाग असतात. एकात आयओएस असतं, म्हणजे फोन चालवणारं सॉफ्टवेअर. दुसऱ्यात तुमचं सगळं : फोटो, मेसेज, ॲप आणि त्यांची माहिती. `Update` दाबलं की कॉम्प्युटर ॲपलच्या सर्व्हरवरून आयओएसची सध्याची आवृत्ती उतरवतो आणि ती पहिल्या भागात नव्याने लिहितो. दुसऱ्या भागाला तो हात लावत नाही. फोन सुरू झाला की नेहमीचा पासकोड मागतो आणि आत सगळं जागच्या जागी असतं. `Restore` दाबलं तर सॉफ्टवेअर तेच येतं, पण दुसरा भागही पुसला जातो आणि फोन नवा घेतल्यासारखा ‘हॅलो’ म्हणत उभा राहतो.

म्हणून पहिल्यांदा नेहमी `Update`. तो फसला तर पुढे `Restore` करता येतं. आधी `Restore` केलं तर मागे फिरायला वाट नाही.

एक उदाहरण घेऊ. एका शिक्षिकेकडे 64 जीबीचा आयफोन 11 आहे. शाळेचं स्नेहसंमेलन, सहली, पालकांच्या ग्रुपवर आलेले व्हिडिओ यांनी फोन काठोकाठ भरला आहे. जागा संपल्याची सूचना आठवडाभर येत होती आणि त्या ती बाजूला सारत होत्या. एके रात्री बॅटरी उतरून फोन बंद पडला. सकाळी चार्जिंगला लावला तर सफरचंद येतं, जातं, पुन्हा येतं. आयफोन असा अडकण्यामागे भरलेली मेमरी हे अगदी नेहमीचं कारण आहे. सुरू होताना आयओएसला काही फायली लिहाव्याच लागतात. लिहायला जागाच नसेल तर तो टप्पा पुरा होत नाही आणि फोन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. फोन हातातून पडला, भिजला, अपडेट अर्ध्यात तुटला, असं काही झालेलं नसेल आणि मेमरी भरलेली होती हे आठवत असेल, तर संशय आधी इथेच घ्यावा.

रिस्टार्टने काही झालं नाही. भावाच्या लॅपटॉपला फोन जोडला, रिकव्हरी मोड आला, `Update` दाबलं. फाइल सुमारे 8 जीबीची आणि घरचं इंटरनेट 20 एमबीपीएसचं, म्हणजे उतरायला पाऊण-एक तास हवा. इकडे फोन मात्र रिकव्हरी मोडमध्ये 15 मिनिटंच वाट बघतो. तेवढ्या वेळात फाइल उतरली नाही तर तो आपणहून बाहेर पडतो आणि पुन्हा सफरचंद दाखवू लागतो. भाऊ घाबरतो, केबल काढतो, सगळं पहिल्यापासून करतो आणि पुन्हा तिथेच अडकतो. खरं तर इथे काहीच बिघडलेलं नसतं. डाउनलोड चालू राहू द्यायचं, पुरं झालं की फोन पुन्हा बटणांनी रिकव्हरी मोडमध्ये न्यायचा आणि पुन्हा `Update` दाबायचं. फाइल आता लॅपटॉपवर आहे, त्यामुळे या वेळी काम लगेच सुरू होतं.

फोन उठला, तर पहिल्या तासातच जागा मोकळी करायची. फोटो लॅपटॉपवर उतरवून घ्या, मग मोठे व्हिडिओ काढून टाका आणि फोटो ॲपमधला `Recently Deleted` हा कप्पाही रिकामा करा. पुसलेले फोटो तिथे 30 दिवस पडून असतात आणि तेवढे दिवस जागा अडवतात. हे केलं नाही तर पुढच्या वेळी बॅटरी उतरली की फोन पुन्हा याच जागी येईल.

पण जागा अगदी शून्यावर आलेली असेल, तर `Update` सुद्धा कधीकधी मध्येच फसतं. काही वेळा दुसऱ्या प्रयत्नात, दुसऱ्या केबलने किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर जमून जातं. जमलंच नाही तर `Restore` चा विचार करावा लागतो, आणि तेव्हा फोन बाजूला ठेवून पुसण्याआधी आपलं काय कुठे आहे ते पाहावं. अशा फोनचा नवा बॅकअप घेता येत नाही. बॅकअपसाठी फोन सुरू होऊन, पासकोड टाकून उघडावा लागतो, आणि तेच तर अडलेलं आहे. म्हणजे हाती आहे तेवढा जुना बॅकअपच.

फोटोंची खात्री सोपी आहे. दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर `icloud.com` उघडून आपल्या ॲपल अकाउंटने आत जा. आयक्लाउड फोटो चालू असतील, तर फोटो तिथे डोळ्यांनी दिसतील. शेवटचा फोटो कोणत्या तारखेचा आहे ते पाहा, त्यानंतरचे फोटो फक्त फोनमध्ये आहेत. मध्ये एक अडचण येते : आत जायला सहा आकडी कोड लागतो आणि तो कोड अडकलेल्याच फोनवर जातो. अशा वेळी ‘कोड मिळाला नाही’ हा पर्याय निवडून तो एसएमएसने मागवा, आणि त्याआधी सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला. एवढं एक ठाऊक नसल्याने लोक ‘आयक्लाउड उघडत नाही’ म्हणून हात टेकतात आणि फोन पुसायला देतात.

संपूर्ण फोनचा बॅकअप मात्र त्या वेबसाइटवर उघडून पाहता येत नाही. तो आहे का आणि शेवटचा कधीचा आहे, हे त्याच अकाउंटच्या आयपॅडवर किंवा मॅकवर, सेटिंग्जमधल्या आयक्लाउडच्या यादीत दिसतं. कॉम्प्युटरवर कधी बॅकअप घेतला असेल, तर तो फाइंडरमध्ये किंवा विंडोजच्या ॲपमध्ये तारखेसह सापडतो. आयक्लाउडची फुकट जागा फक्त 5 जीबी आहे. ती भरली की बॅकअप थांबतो, फोन अधूनमधून सूचना देतो आणि आपण ती सूचना बंद करतो. आपल्या शिक्षिकाबाईंचा शेवटचा बॅकअप त्यामुळे आठ महिन्यांपूर्वीचा निघाला, तर नवल नाही. व्हॉट्सॲपचा आयक्लाउडवरचा बॅकअपही त्याच 5 जीबीत बसतो, म्हणजे तोही बहुधा तेव्हाच थांबलेला असणार.

मग रिस्टोअरने नेमकं काय जातं? शेवटच्या बॅकअपनंतर फोनमध्ये आलेलं आणि दुसरीकडे कुठेही न पोचलेलं सगळं. कॉन्टॅक्ट आयक्लाउडवर किंवा जीमेलवर ठेवलेले असतील, तर ते परत येतात. नोट्समध्ये ‘ऑन माय आयफोन’ या कप्प्यात लिहिलेलं, फाइल्स ॲपमध्ये त्याच नावाच्या कप्प्यात उतरवलेल्या पीडीएफ, आयक्लाउडवर न ठेवलेली व्हॉइस रेकॉर्डिंग, यांना दुसरीकडे प्रत नसते. बँकेतले पैसे फोनमध्ये नसतात, त्यामुळे यूपीआयची काळजी करू नका. तिथे फक्त नोंदणी पुन्हा करावी लागेल आणि त्यासाठी सिम त्या फोनमध्ये असावं लागेल. लॉगिनचे कोड देणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपचं मात्र बघून घ्या. ते अकाउंटशी जोडलेलं नसेल तर त्यातले कोड गेले, आणि त्यांच्यामागची अकाउंटं पुन्हा उघडताना दमछाक होते.

‘आधी पुसा, मग डेटा रिकव्हरीवाल्याकडून काढून घेऊ’ हा हिशेब आयफोनला लागू पडत नाही. जुन्या मेमरी कार्डातून पुसलेले फोटो परत मिळायचे, तो अनुभव इथे कामाचा नाही. आयफोनमधला डेटा मुळातच कूटबद्ध करून लिहिलेला असतो. तो उलगडणाऱ्या किल्ल्या त्याच फोनच्या चिपशी आणि तुमच्या पासकोडशी बांधलेल्या असतात. रिस्टोअर करताना फोन एकेक फोटो पुसत बसत नाही, तो थेट किल्ली नष्ट करतो. तिजोरी तशीच राहते आणि तिची एकुलती एक किल्ली वितळवून टाकलेली असते. त्यानंतर मेमरीची चिप उपसून काढली तरी हाती नुसता गोंधळ लागतो. पुसलेल्या आयफोनमधून फोटो परत आणून देतो असं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ‘डेटा न जाता दुरुस्ती’ म्हणून विकत मिळणारी कॉम्प्युटरवरची सॉफ्टवेअरंही यापलीकडे काही करत नाहीत. फोन रिकव्हरी मोडमध्ये न्यायचा आणि ॲपलचीच आयओएस फाइल वर लिहायची, एवढंच त्यांचं काम. ते `Update` फुकटात करून देतं.

किल्ली कधी नष्ट होते हेही ठाऊक असलेलं बरं. `Restore` दाबल्यावर फोन कारखान्यातून आल्यासारखा होईल, सगळा डेटा पुसला जाईल, अशी सूचना येते आणि तिथे माघार घेता येते. त्यानंतर फाइल डाउनलोड होत असेपर्यंतही फोनमधल्या डेटाला धक्का लागलेला नसतो. फोनवर सफरचंद आणि पट्टी येऊन खरं काम सुरू झालं, की मग परतीची वाट संपली. ते काम पुढे कुठल्याही एररने फसलं तरी डेटा गेलाच असं धरून चालावं.

एररचे आकडे पाठ करायची गरज नाही, पण 4013, 4014 आणि 9 हे ओळखून ठेवा. काम चालू असताना फोनचा कॉम्प्युटरशी संपर्क तुटला, असा त्यांचा अर्थ. आधी केबल आणि कॉम्प्युटर बदलून पाहा. तरीही तोच आकडा येत राहिला, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसून फोनच्या बोर्डाचा, मेमरीच्या चिपचा किंवा आत शिरलेल्या पाण्याचा आहे. अशा फोनवर `Restore` करून पाहण्यात शहाणपण नाही. फोन चालू होणार नाहीच, वर डेटा मात्र जाईल. डेटा मोलाचा असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर गाठा. मूळ बोर्ड एकदा उठला आणि पासकोड ठाऊक असला, तर डेटा मिळू शकतो. ॲपलच्या अधिकृत सेवा केंद्राकडून या कामाची अपेक्षा ठेवू नका. तिथे दुरुस्तीत डेटा जाऊ शकतो, बॅकअप तुमचा तुम्ही घ्या, असं आधीच सांगतात.

दुकानात फोन द्यायची वेळ आलीच, तर पावतीवर दोन ओळी लिहून घ्या : आधी फक्त अपडेट करा, आणि रिस्टोअर करायचं असेल तर आधी मला फोन करा. फोन पुसून परत आला तर सुरू होताना जुन्या ॲपल अकाउंटचा पासवर्ड मागेल. चोरीला आळा घालण्यासाठीचं हे कुलूप रिस्टोअरनेही निघत नाही, त्यामुळे तो पासवर्ड आधीच शोधून ठेवा. कॉम्प्युटरवर पुढे `Restore Backup` नावाचंही एक बटण दिसतं. ते बॅकअपमधला डेटा परत आणणारं आहे, त्याला घाबरू नका. बॅकअपला तुम्ही वेगळा पासवर्ड घातला असेल आणि तो विसरला असाल, तर मात्र त्या बॅकअपचा उपयोग शून्य.

आणि फोन ‘बघू नंतर’ म्हणून कपाटात टाकून देऊ नका. आयक्लाउड बॅकअप बंद केला किंवा वापरायचा थांबवला, की ॲपल तो 180 दिवसच ठेवतं. त्यानंतर तो पुसला जातो आणि तुम्ही फोन नंतर दुरुस्त करून आणला तरी परत मिळत नाही.